वॉर्ड कुणाला सुटला?

निवडणुकीची तारीख जाहीर होण्याच्या आधी आरक्षण सोडतीचा दिवस येतो आणि अनेकांची निवडणूक त्याच दिवशी संपते. मुंबई महापालिकेसाठी ही सोडत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात झाली. अशा सोडतीचं दृश्य महाराष्ट्रात सगळीकडे जवळपास सारखंच असतं. व्यासपीठावर अधिकारी बसलेले असतात. टेबलावर पारदर्शक भांडं असतं. प्रभागाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी आधी समोरच्यांना दाखवतात, मग तिची गुंडाळी करून भांड्यात टाकतात. चिठ्ठी काढायला शाळकरी मुलांना बोलावतात. खाली माजी नगरसेवक, इच्छुक आणि त्यांचे कार्यकर्ते हातात मोबाइल घेऊन बसलेले असतात. एकेक आकडा पुकारला की कुणीतरी उठून बाहेर पडतो आणि फोन लावतो : ‘आपला वॉर्ड महिलेला सुटला.’

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळा नशिबाचा खेळ आहे. प्रत्यक्षात चिठ्ठी काढण्याआधी बराचसा निकाल कागदावर ठरलेला असतो. किती जागा राखीव हे गणिताने ठरतं. त्यातल्या काही कुठे जाणार हे लोकसंख्येच्या यादीवरून ठरतं. उरलेल्यांपुरतीच चिठ्ठी. आणि या सगळ्याच्या वर चक्रानुक्रम असतो, म्हणजे आज राखीव असलेली जागा पुढच्या वेळी कुठे सरकणार याचा नियम. लोक सोडतीवर तासन्‌तास बोलतात. चक्रानुक्रमाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी सत्ता तिथेच आहे.

आधी आकड्यांचं पाहू. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो, त्यामुळे हिशेब समजायला हे शहर सोपं. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या, हे राज्यघटनेनेच सांगितलं आहे; ग्रामीण भागासाठी अनुच्छेद २४३ घ आणि शहरांसाठी २४३ न. मुंबईत २०११च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे. २२७ जागांचे साडेसहा टक्के काढले तर पावणेपंधराच्या जवळपास येतात. अर्ध्यापेक्षा मोठा अपूर्णांक पूर्ण धरायचा, म्हणून १५ जागा. अनुसूचित जमाती एक टक्क्याहून थोड्या जास्त, म्हणून २. नागरिकांच्या मागास प्रवर्गाला, म्हणजे आपण ज्याला ओबीसी म्हणतो त्याला, २७ टक्के, त्याचे ६१.२९ येतात, अपूर्णांक लहान म्हणून सोडला, राहिल्या ६१. या तिन्हींची बेरीज ७८. उरलेल्या १४९ जागा सर्वसाधारण.

आता महिलांचं आरक्षण. घटनेने किमान एक तृतीयांश सांगितलं आहे. महाराष्ट्राने २०११ पासून ते निम्मं केलं. २२७ चे निम्मे साडेएकशेतेरा, म्हणून ११४. पण या ११४ जागा वेगळ्या काढून ठेवलेल्या नसतात, त्या प्रत्येक प्रवर्गाच्या आतच असतात. अनुसूचित जातींच्या १५ पैकी साडेसात म्हणजे ८ महिलांना, जमातींच्या २ पैकी १, मागास प्रवर्गाच्या ६१ पैकी साडेतीस म्हणजे ३१. झाल्या ४०. सर्वसाधारणच्या १४९ चे निम्मे साडेचौऱ्याहत्तर. तिथेही वर ओढून ७५ केले असते तर एकूण ११५ झाल्या असत्या. म्हणून ११४ मधून ४० वजा करून सर्वसाधारण महिलांना ७४. अर्ध्या-अर्ध्या जागेचं हे वाटप कोणत्या प्रवर्गात वर सरकलं आणि कोणत्या प्रवर्गात खाली, हे असं शेवटी वजाबाकीने मिटतं.

इथे एक समज दूर करायला हवा, कारण तो गावोगावी ऐकू येतो. ‘सर्वसाधारण’ जागा म्हणजे उच्च जातींची जागा नव्हे, ती सगळ्यांना खुली असते. अनुसूचित जातीतली बाई सर्वसाधारण जागेवरून उभी राहू शकते, आणि ‘सर्वसाधारण महिला’ जागा कोणत्याही जातीच्या बाईला खुली असते. राखीव जागा हा किमान आकडा आहे. ‘तुमची जागा तिकडे आहे, इकडे कशाला आलात’ असं कुणी म्हणालं तर त्याला कायद्यात आधार नाही.

किती हे ठरलं. कुठे हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्रवर्गासाठी वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत चिठ्ठी नसते. प्रत्येक प्रभागात त्यांची लोकसंख्या किती टक्के आहे हे काढायचं, सर्वांत जास्त टक्केवारीचा प्रभाग वर ठेवायचा आणि उतरत्या क्रमाने यादी लावायची. मुंबईत १५ जागा, म्हणून वरचे १५ प्रभाग अनुसूचित जातींना. त्यातले महिलांचे ८ कोणते, एवढ्यापुरती चिठ्ठी. मागास प्रवर्गाचं असं करता येत नाही, कारण जनगणनेत ओबीसींची मोजणीच झालेली नाही. प्रभागनिहाय आकडाच नसेल तर उतरता क्रम कशाचा लावणार? म्हणून जाती-जमातींचे प्रभाग बाजूला काढायचे आणि उरलेल्या प्रभागांतून मागास प्रवर्गाचे प्रभाग चिठ्ठीने काढायचे. मग त्यातले महिलांचे, आणि शेवटी सर्वसाधारण महिलांचे. ओबीसी वस्ती दाट असलेला प्रभाग खुला राहतो आणि जिथे ती तुरळक आहे तो राखीव होतो, अशी तक्रार दरवेळी ऐकू येते. तिचं मूळ या न झालेल्या मोजणीत आहे.

आता चक्रानुक्रमाकडे येऊ. त्यासाठी जिल्हा परिषदेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे एका गटातून एकच सदस्य आणि जागाही मोजक्या. समजा एका जिल्हा परिषदेत ६० गट आहेत आणि जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या १२ टक्के आहे. ६० चे १२ टक्के ७.२, म्हणजे ७ गट राखीव. पहिल्या निवडणुकीत यादीतले वरचे सात गट राखीव झाले. समजा पहिल्या गटात अनुसूचित जातींची वस्ती २४ टक्के आहे आणि सातव्यात १६. दुसऱ्या निवडणुकीत हे सात वगळायचे आणि पुढचे सात, आठवा ते चौदावा, राखीव करायचे. तिसऱ्या वेळी पंधरावा ते एकविसावा. असं करत सगळ्या गटांतून आरक्षण फिरलं की चक्र पूर्ण झालं, मग पुन्हा वरून सुरुवात.

किती वर्षं लागतील? ६० ला ७ ने भागलं तर साडेआठहून थोडं जास्त येतं, म्हणजे नववी निवडणूक. मुदत पाच वर्षांची. पहिल्या निवडणुकीपासून नवव्यापर्यंत चाळीस वर्षं. ज्या गटात अनुसूचित जातींची वस्ती सर्वांत दाट आहे, तिथल्या माणसाला राखीव जागेवरून दुसऱ्यांदा उभं राहायची संधी पंचेचाळीस वर्षांनी येईल. आणि यादीच्या तळाशी असलेल्या गटात, जिथे त्या समाजाची पाच-दहाच घरं आहेत, तिथे राखीव जागेसाठी उमेदवार शोधताना पक्षांची धावपळ होईल.

मागास प्रवर्गासाठी हेच चाक लवकर फिरतं. २७ टक्के म्हणजे चार जागांमागे एकीहून थोडं जास्त. चार निवडणुकांत, साधारण वीस वर्षांत, एक फेरी होते. महिलांचं चाक सर्वांत वेगवान. निम्म्या जागा राखीव, म्हणजे दोन निवडणुकांत फेरी पूर्ण. आज महिलांना असलेला गट पुढच्या वेळी बहुतेक त्यांच्यासाठी राखीव नसणार. एकाच नियमाखाली फिरणाऱ्या या तीन चाकांच्या वेगात एवढा फरक आहे, ही गोष्ट सोडतीच्या गलक्यात कुणाच्या ध्यानात येत नाही.

महिलांच्या चाकाचा वेग सगळ्यात जास्त नडतो. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईची पहिली दोन वर्षं सभागृहाचं कामकाज, निधी, टेंडर, अधिकारी समजून घेण्यात जातात. काम हाताशी येतं तोवर मुदत संपत येते आणि पुढच्या सोडतीत गट खुला होतो. खुला झाला म्हणजे तिला उभं राहता येत नाही असं नाही, पण पक्ष तिकीट देताना ‘आता पुरुषाची पाळी’ असं सरळ म्हणतात. त्यात नवराच आधीचा नगरसेवक असेल तर वॉर्ड त्याच्याकडे परत जातो. पुरुष सदस्याला याच्या उलट अनुभव येतो : त्याने पाच वर्षं काम केलं आणि वॉर्ड महिलेला सुटला, की तो घरातल्या बाईला उभी करतो आणि पुढची पाच वर्षं स्वतःच फायली घेऊन कार्यालयात फिरतो.

तरी वॉर्ड खुला झाला म्हणजे आरक्षणाचं काम पुसलं गेलं असं मानू नये. याचा पुरावा मुंबईचाच आहे. रिखिल भावनानी या राज्यशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ च्या निवडणुकीत जे प्रभाग महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, त्यांची तुलना त्यांनी १९९७ मध्येही खुल्याच असलेल्या प्रभागांशी केली. प्रभागांची निवड चिठ्ठीने झालेली असल्यामुळे ही तुलना भरवशाची होती. राखीव प्रभाग मुळातच अधिक पुढारलेले होते अशी शंका घ्यायला जागा नव्हती. निष्कर्ष असा की आधी राखीव असलेल्या प्रभागात, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. आरक्षणामुळे एकदा आत आलेल्या काही बायकांनी पुढे ते नसतानाही जागा राखली. चक्र थोडं हळू फिरलं असतं तर हा आकडा आणखी चांगला दिसला असता, असं मला वाटतं. तमिळनाडूत ठरलेलं आरक्षण दोन मुदतींसाठी, म्हणजे दहा वर्षं, कायम ठेवण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राने निदान महिलांच्या जागांसाठी तिचा विचार करायला हवा. निम्म्या जागा राखीव असताना पाच वर्षांनी फिरवल्या काय किंवा दहा वर्षांनी फिरवल्या काय, दोन फेऱ्यांत सगळे गट येतातच. फरक एवढाच की बाईला दुसरी निवडणूक आपल्याच मतदारांसमोर लढवता येते.

मोठ्या शहरांत हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटून गेला आहे. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत विभागल्या आहेत; चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाचांचा. तिथे आरक्षण प्रभागातल्या अ, ब, क, ड जागांना लागतं, आणि चारांपैकी दोन जागा महिलांच्या असतातच. त्यामुळे पुण्यातल्या नगरसेविकेला प्रभाग सोडावा लागत नाही, फार तर ‘ब’ जागेवरून ‘क’ वर जावं लागतं. चक्राचा सगळा जाच उरतो तो मुंबईत आणि गट-गणांच्या ग्रामीण भागात.

आता ज्या सत्तेचा सुरुवातीला उल्लेख केला तिच्याकडे येतो. चाळीस वर्षांचं चक्र मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली तर काय होईल? वरचे सात गट पुन्हा राखीव होतील आणि तळाच्या गटांची पाळी पुन्हा पुढे ढकलली जाईल. हे नुसतं अनुमान नाही. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी १९९६ चे चक्रानुक्रमाचे नियम होते. २०२५ मध्ये सरकारने त्यांच्या जागी नवे नियम आणले. त्यातल्या नियम १२ नुसार, हे नियम लागू झाल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक हीच चक्रानुक्रमासाठी पहिली निवडणूक मानायची. म्हणजे मागची मोजणी मिटली. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यभर गट आणि गणांच्या सोडती निघाल्या त्या या कोऱ्या पाटीवर.

याविरुद्ध काही इच्छुक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. आमच्या गटाची पाळी आता येणार होती, ती हिरावली गेली, असा त्यांचा युक्तिवाद. सरकारचं म्हणणं असं की मधल्या काळात गटांची संख्या आणि हद्दी बदलल्या, आता तो जुना गटच उरलेला नाही, मग त्याची पाळी कुणी सांगायची? खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळल्या आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

सरकारच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. गट म्हणजे गावांची जुळणी. तीन गावं इकडची तिकडे गेली, नगरपंचायत झालेलं गाव जिल्हा परिषदेतून बाहेर पडलं, की गटाचं नाव तेच राहून आतलं सगळं बदलतं. पण म्हणून मोजणीच पुसायची गरज नव्हती. कोणतं गाव आधी कोणत्या गटात होतं आणि तो गट कधी कुणासाठी राखीव होता, याची नोंद सरकारदरबारी असतेच. गावाचा इतिहास धरून पाळी ठरवणं कटकटीचं आहे, अशक्य नाही. घटनेतला शब्दप्रयोगही इथे पाहण्यासारखा आहे. सदस्यांच्या जागांबद्दल घटना म्हणते की त्या आळीपाळीने वेगवेगळ्या मतदारसंघांना ‘देता येतील’; पंचायतींच्या अध्यक्षपदांबद्दल मात्र त्या आळीपाळीने ‘दिल्या जातील’ असं आहे. सदस्यांच्या बाबतीत चक्र कसं फिरवायचं याची मोकळीक त्यामुळे राज्याकडे राहते, आणि मोकळीक आहे म्हणूनच ती वापरताना जुन्या पाळीचं काय केलं हे लोकांना लेखी सांगायला हवं.

मागास प्रवर्गाच्या जागांवर याहून मोठं वादळ येऊन गेलं. महाराष्ट्रात या प्रवर्गाला सरसकट २७ टक्के जागा दिल्या जात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली के. कृष्णमूर्ती प्रकरणात सांगितलं की राजकीय मागासलेपण वेगळं असतं आणि त्याची ताजी पाहणी करूनच आरक्षण द्यावं. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात न्यायालयाने त्याच्या तीन अटी महाराष्ट्राला लागू केल्या : स्वतंत्र आयोगाने पाहणी करावी, प्रत्येक स्थानिक संस्थेचं प्रमाण वेगळं ठरवावं, आणि अनुसूचित जाती, जमाती व मागास प्रवर्ग मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. पाहणी नव्हती म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये मागास प्रवर्गाच्या जागा सर्वसाधारण करून निवडणुका घ्याव्या लागल्या. मग जयंतकुमार बांठिया आयोग आला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारला, पुन्हा वाद झाला, निवडणुका अडकल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. नवे नगरसेवक जानेवारी २०२६ मध्ये निवडून आले. मधली जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालाआधीची स्थिती धरून निवडणुका घ्यायला सांगितलं.

५० टक्क्यांची अडचण कुठे येते, हे साध्या बेरजेने कळतं. एखाद्या गावात अनुसूचित जाती-जमाती मिळून ३० टक्के असतील आणि त्यावर मागास प्रवर्गाचे पूर्ण २७ दिले, तर ५७ झाले. मुंबईत ७८ राखीव जागा म्हणजे ३४ टक्के, तिथे प्रश्नच नाही. पण २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत ५७ संस्थांमध्ये, म्हणजे ४० नगरपरिषदा आणि १७ नगरपंचायतींमध्ये, मर्यादा ओलांडली गेल्याचं समोर आलं. न्यायालयाने निवडणुका थांबवल्या नाहीत, पण या ५७ ठिकाणचा निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवला. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर अनुसूचित जमातीच सुमारे ६९ टक्के आहेत. त्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात देणं घटनेनेच बंधनकारक केलेलं असल्यामुळे तिथे मागास प्रवर्गाला जागा उरणार कुठून, हा प्रश्न कायम राहतो. महिलांचे ५० टक्के या मर्यादेत मोजले जात नाहीत, कारण ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतूनच काढलेले असतात.

चुका होतात त्या बहुतेक प्रभागरचनेत. प्रभाग जनगणनेच्या प्रगणक गटांची जुळणी करून आखतात. प्रगणक गट म्हणजे एका मोजणीदाराने मोजलेली वस्ती, साधारण शंभर-सव्वाशे घरं. लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते, त्यामुळे सीमेवरचा एखादा गट इकडे घ्यायचा की तिकडे, याला जागा असते. आता असं समजा, की एका प्रभागाची लोकसंख्या ५,००० आणि अनुसूचित जाती ८००, म्हणजे १६ टक्के. शेजारच्या प्रभागात ५,००० पैकी ७५०, म्हणजे १५ टक्के. सीमेवरची बौद्धवाडी, ज्यात ५०० पैकी ३०० लोक अनुसूचित जातींचे आहेत, पहिल्यातून काढून दुसऱ्यात टाकली. पहिल्यात राहिले ४,५०० पैकी ५००, म्हणजे ११ टक्के. दुसऱ्यात झाले ५,५०० पैकी १,०५०, म्हणजे १९ टक्के. लोकसंख्या दोन्हीकडे मर्यादेत आहे, नियम कुठेही मोडलेला नाही, आणि आरक्षण एका प्रभागातून उठून दुसऱ्यात गेलं. सोडतीच्या दिवशी यावर कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नसतो, कारण हे काम आधीच्या टप्प्यावर झालेलं असतं. त्यात आकडे २०११ चे. चौदा वर्षांत ज्या वस्त्या उठल्या किंवा नव्याने वसल्या, त्या या यादीत दिसतच नाहीत.

म्हणून तपासायचं ते प्रारूपाच्या वेळी. प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा आधी प्रसिद्ध होतो, आरक्षणाची प्रारूप अधिसूचना सोडतीनंतर, आणि दोन्हींवर हरकती-सूचनांसाठी मुदत असते. मुदत लहान असते, काही दिवसांचीच. प्रभागरचनेच्या वेळी नकाशा आणि प्रगणक गटांची यादी मागून घ्यावी आणि आपली वस्ती कोणत्या प्रभागात दाखवली आहे ते पाहावं. आरक्षणाच्या वेळी प्रभागनिहाय एकूण लोकसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या यांचा तक्ता घ्यावा, टक्केवारी स्वतः काढावी आणि उतरता क्रम लावून पाहावा. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे होतं. क्रम चुकला असेल तर हरकत आकड्यासकट लेखी द्यावी; ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. ग्रामपंचायतीत हेच काम तहसीलदारांच्या देखरेखीखाली विशेष ग्रामसभेत होतं, आणि तिथे हजर राहण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

मुदत गेली की दरवाजा जवळपास बंद होतो. घटनेचे अनुच्छेद २४३ ण आणि २४३ यछ सांगतात की मतदारसंघांची आखणी आणि त्यांना केलेलं जागांचं वाटप यासंबंधीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि निवडणुकीविरुद्ध तक्रार फक्त निवडणूक याचिकेनेच करता येते, तीही निकालानंतर. एकदा कार्यक्रम जाहीर झाला की न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

आता नवी जनगणना होऊ घातली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की गट आणि प्रभाग पुन्हा आखले जातील, जाती-जमातींचे उतरते क्रम बदलतील, ओबीसींची मोजणी झाली तर चिठ्ठीऐवजी त्यांचाही क्रम लावण्याची मागणी येईल, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का, हा प्रश्न सरकारपुढे येईल. त्या वेळी आपल्या गावाची पाळी कुठवर आली होती हे सांगायला हातात कागद हवा. आपल्या गटाची किंवा प्रभागाची २०२५ ची आरक्षण अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झालेली आहे. तिची एक प्रत आणि सोबतचा लोकसंख्येचा तक्ता आजच मिळवून जपून ठेवा.